उशीर होतोय, निरोप काय पाठवू?

प्रश्न : धुळ्याहून जळगावला एमआयडीसीत मुलाखतीला निघाले होते, वेळ ११ ची. पारोळ्याच्या पुढे बस अडकली. ११ वाजून ५ मिनिटांनी मी सरांना व्हॉट्सअॅप केलं: ‘नमस्कार सर, सॉरी सर, मी खूप लवकर निघाले होते पण बसच उशिरा सुटली आणि आता पुढे ट्रक उलटलाय म्हणून सगळं जाम आहे, ड्रायव्हर म्हणतात अजून वेळ लागेल, प्लीज समजून घ्या सर, मला या नोकरीची खूप गरज आहे, परत असं होणार नाही, सॉरी.’ उत्तर आलंच नाही. यात चुकलं काय? *(वाचक, धुळे)*

उत्तर : तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे, हे वाचताक्षणी कळतं. पण सरांच्या जागी बसून तो निरोप वाचून पाहा. समोर चार-पाच उमेदवारांची यादी आहे. शेजारी ज्या खात्यात जागा भरायची तिथले साहेब बसलेत, आणि त्यांना नंतर आपल्या कामावर परतायचं आहे. सरांना ठरवायचं एवढंच असतं की तुमच्या जागी पुढच्या उमेदवाराला आत बोलवायचं का, आणि तुम्हाला नंतर कधी बसवायचं. त्यासाठी तुमचं नाव, पद आणि तुम्ही किती वाजता पोहोचणार हे कळायला हवं. नेमक्या याच तीन गोष्टी तुमच्या निरोपात नाहीत. तुमचा नंबर त्यांच्याकडे सेव्ह असेलच असं नाही, त्यामुळे हा निरोप कुणाचा हे शोधण्यापासून त्यांची सुरुवात झाली असणार.

दुसरी चूक वेळेची. निरोप ११ नंतर गेला. तोवर तुमचं नाव पुकारून झालं असेल, बाहेर शिपाई पाहून आला असेल. हाच निरोप १०.१५ ला गेला असता तर सरांना यादीत खालीवर करायला पाऊण तास मिळाला असता. ‘जाम सुटेल, गाठू कदाचित’ या आशेवर आपण थांबतो आणि तेवढ्यात निरोपाची उपयोगाची वेळ निघून जाते. आपला हिशेब ठरलेल्या वेळेच्या पुढे गेला की त्याच मिनिटाला कळवायचं.

आता तो हिशेब करून पाहू. समजा १०.१० ला तुम्ही पारोळ्याच्या पुढे उभ्या आहात. जळगाव अजून पन्नासेक किलोमीटर आहे. जाम १०.२५ ला सुटला असं धरलं, तरी एरंडोलचा थांबा घेत बस स्थानकात शिरायला ११.३५ होतील. तिथून शहर ओलांडून एमआयडीसीत रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं, मग गेटवर नाव-नंबर लिहून आत जायला आणखी पाच. म्हणजे १२. घाबरलेला माणूस इथे ‘सर, साडेअकरापर्यंत येते’ असं लिहून मोकळा होतो, कारण तो फक्त स्थानकापर्यंतचं अंतर मोजतो आणि त्यातही चांगलंच घडेल असं धरतो. तुम्ही मुलाखतीच्या खुर्चीपर्यंतचं मोजा. १२ सांगून ११.५० ला पोहोचलात तर कुणाचं बिघडत नाही. ११.३० सांगून १२ ला पोहोचलात तर तुम्ही एकाच सकाळी दोनदा उशिरा आल्या असं होतं.

त्यावरून निरोप असा लिहिता येईल. कंसाच्या जागी तुमचं नाव:

‘नमस्कार सर. मी (पूर्ण नाव), आज ११ वाजता अकाउंट्स असिस्टंट पदासाठी मुलाखत आहे. पारोळ्याजवळ रस्ता बंद असल्याने मी १२ वाजता पोहोचते. उशिराबद्दल मनापासून माफी मागते. १२ ची वेळ सोयीची नसेल तर तुम्ही सांगाल तेव्हा येईन.’

यात कारण अर्ध्या वाक्यात संपलं आहे आणि माफी एकदाच आहे. बस किती वाजता सुटली, ड्रायव्हर काय म्हणाला, तुम्ही घरून कधी निघालात, यातलं काहीही सरांच्या निर्णयाला लागत नाही. उलट ते वाचताना बाजू मांडणं चालू आहे असं वाटू लागतं. शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यात त्यांना नकार द्यायची, वेळ बदलायची मोकळीक आहे. उशीर तुमचा आहे, तेव्हा पुढचं त्यांनी ठरवावं. ‘प्लीज समजून घ्या’ म्हटलं की निर्णयाआधीच होकार मागितल्यासारखं होतं. आणि नोकरीची गरज या निरोपात नकोच. ती खरी आहे, पण ती वाचून समोरचा अवघडतो आणि उत्तर द्यायचं टाळतो.

जामचा फोटो पाठवू नका, व्हॉइस नोटही नको. मुलाखत घेणारा माणूस खोलीत इतरांसमोर कानाला फोन लावून तुमची नोट ऐकू शकत नाही. लिहिलेल्या चार ओळी तो टेबलाखाली पाहूनही वाचतो.

प्रश्न : मेसेज पाठवावा की फोन करावा? मला बोलावणं ई-मेलने आलं होतं, खाली ऑफिसचा लँडलाइन नंबर होता. *(वाचक, अमळनेर)*

उत्तर : वेळेला तासाभराहून कमी उरला असेल तर फोन. ई-मेल तेवढ्यात उघडली जाईल याचा भरवसा नाही. लँडलाइन रिसेप्शनवर उचलला जातो, तेव्हा सांगायचं तेच सांगा: नाव, पद, किती वाजता येणार. मग विनंती करा की हे मुलाखत घेणाऱ्यांपर्यंत पोहोचवा, आणि फोन घेणाऱ्याचं नाव विचारून ठेवा. फोन ठेवल्यावर त्याच ई-मेलला उत्तर म्हणून त्याच चार ओळी पाठवा. नवी मेल लिहू नका, जुन्यालाच उत्तर द्या, म्हणजे तुमचं बोलावणं आणि निरोप एकाखाली एक दिसतात. बोलावणं इंग्रजीत असेल तर उत्तरही साध्या इंग्रजीत द्या.

मोबाइल नंबर असेल तर एकदा रिंग द्या. उचलला नाही तर पुन्हा पुन्हा लावू नका, ते बहुधा दुसऱ्या उमेदवाराशी बोलत असतात. लगेच निरोप टाका.

प्रश्न : मी ठिबकची जोडणी करून देतो. फैजपूर, सावदा, रावेर या पट्ट्यात कामं असतात. एका शेतातलं काम लांबलं की दुसरीकडे उशीर होतो. शेतकऱ्याचा फोन आला की ‘नाना, आलोच, पाच मिनिटं’ म्हणतो. पूर्वी लोक ऐकून घ्यायचे, आता चिडतात. त्यांना काय लिहून पाठवावं? *(वाचक, सावदा)*

उत्तर : तुमच्या कामात उशिराची किंमत मुलाखतीपेक्षा वेगळी असते, म्हणून निरोपही वेगळा हवा. नानांनी तुमच्या भरवशावर सकाळी मजूर बोलावले आहेत. मजुरी त्यांना द्यावीच लागणार, काम होवो न होवो. शिवाय शेतीपंपाची वीज ठरलेल्या तासांतच येते. जोडणी झाल्यावर पंप चालू करून सबमेन धुवून घ्यायची, कचरा बाहेर काढायचा, नळ्यांची तोंडं शेवटी बंद करायची, गळती पाहायची, हे सगळं लाइट असतानाच होतं. तुम्ही साडेअकराला पोहोचलात आणि १२ ला लाइट गेली तर नानांचा अख्खा दिवस गेला. ‘आलोच’ ऐकून ते मजुरांना बसवून ठेवतात, दुसरं काम सांगत नाहीत. त्यांचं खरं नुकसान तिथे होतं, आणि ते चिडतात ते त्यामुळे.

म्हणून तुमच्या निरोपात वेळेबरोबर दोन गोष्टी हव्यात: तुम्ही येईपर्यंत मजुरांनी काय करायचं, आणि लाइट कधीपर्यंत आहे याची विचारणा.

‘नाना, नमस्कार. फैजपूरचं काम लांबलं. मी ९ ऐवजी साडेअकराला येतो. मजूर रिकामे बसू नयेत म्हणून काल आखलेल्या रेषेवर सबमेनची चारी खोदायला लावा आणि नळ्या ओळींनी अंथरून ठेवा. लाइट किती वाजेपर्यंत आहे? टेस्टिंग त्यात बसत नसेल तर उद्या सकाळी पहिलं काम तुमचं धरतो. तुमचा खोळंबा झाला, माफ करा.’

हे ९ वाजता पाठवून उपयोग नाही. फैजपूरला काम अडतंय हे तुम्हाला सातला-साडेसातला कळलेलं असतं, तेव्हाच पाठवा. त्या वेळी मजूर अजून घरून निघालेले नसतात. नाना त्यांना उशिरा बोलावू शकतात किंवा आधी केळीच्या बागेत पिलं काढायला पाठवू शकतात.

दिलेली वेळ दुसऱ्यांदा टळणार असं दिसलं, तर तीही टळण्याआधी कळवा. पण या वेळी नवी वेळ देऊन तिसऱ्यांदा ताणू नका. ‘आज जमेल असं वाटत नाही, मजुरांना मोकळं करा, उद्या ७ ला येतो’ हे ऐकायला कडू असलं तरी नानांचे पैसे वाचवतं. आणि दर आठवड्याला हा निरोप पाठवावा लागत असेल, तर माफीचे शब्द कितीही मनापासून लिहिले तरी पुरणार नाहीत. एका दिवशी दोन शेतं धरताना मधे जास्त वेळ सोडा.

प्रश्न : वडिलांना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं म्हणून क्लायंटच्या मीटिंगला उशीर झाला. घरचं सांगायला नको वाटलं, म्हणून ‘गाडी पंक्चर’ असं लिहिलं. चाललं का? *(वाचक, भुसावळ)*

उत्तर : खासगी ते खासगी ठेवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, त्यासाठी खोटं लिहायची गरज नव्हती. ‘घरी तातडीचं काम निघाल्याने मला ४ वाजता येता येईल’ एवढं पुरतं, सहसा कुणी पुढे विचारत नाही. खोटं कारण आपल्या भागात टिकतही नाही. रेल्वेगाडी लेट होती का हे मोबाइलवर दिसतं, रस्ता बंद होता का हे दहा मिनिटांत कळतं, आणि दवाखान्याच्या बाकावर तुमच्या शेजारी त्याच क्लायंटचा पाहुणा बसलेला असू शकतो. एकदा पंक्चर उघडं पडलं की पुढच्या खऱ्या कारणावरही विश्वास बसत नाही.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरहून चाळीसगावला मुलाखतीला येत होतो. कन्नड घाटात वाहनं अडकली, मोबाइलला रेंज नव्हती. निरोप न देताच ४० मिनिटं उशिरा पोहोचलो. आत गेल्यावर काय बोलावं? आणि नंतर काही लिहावं का? *(वाचक, छत्रपती संभाजीनगर)*

उत्तर : घाट उतरल्यावर रेंज येताच, पोहोचायला दहाच मिनिटं उरली असली तरी निरोप टाका. ‘आधी कळवता आलं नाही’ एवढी भर घाला. लिहिलेला साधा एसएमएसही चालतो, इंटरनेटपेक्षा तो आधी जातो.

आत गेल्यावर बसण्याआधी उभ्यानेच म्हणा, ‘सर, ४० मिनिटं उशीर झाला आणि आधी कळवू शकलो नाही, माफ करा. आता वेळ नसेल तर मी थांबतो किंवा नंतर येतो.’ मग गप्प राहा. घाटाचं त्यांनी विचारलं तर एका वाक्यात सांगा. मुलाखत सुरू झाली की उत्तरांच्या मधे पुन्हा माफी नको, कारण दर वेळी तुम्ही त्यांचं लक्ष कामावरून उशिराकडे नेता. घाई झाली म्हणून उत्तरंही भराभर देऊ नका, त्यांनी बसवून घेतलं म्हणजे वेळ दिला आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी तीन ओळी पाठवा: मुलाखत घेतल्याबद्दल आभार, उशीर असूनही वेळ काढल्याबद्दल एक वाक्य, आणि त्यांनी मागितलेलं एखादं कागदपत्र राहिलं असेल तर ते जोडून. पुढच्या फेरीला बोलावलं तर आदल्या रात्री चाळीसगावात मुक्काम करता येतो का पाहा. पावसाळा असेल तर घाट सकाळी मोकळा असेल असं धरून निघू नका.