रीसेटचं बटण सोडा, आधी भिंत बघा

प्रश्न: जर्मनीत आजच भाड्याच्या घरात आलोय. राउटर जोडला, पण डीएसएलचा दिवा नुसता लुकलुकतोय. रीसेट करू का?

नका करू. दिवा लुकलुकतोय म्हणजे राउटरला भिंतीतून सिग्नलच मिळत नाहीये. रीसेटने फार तर राउटरच्या आतलं पुसलं जाईल, भिंतीतली तार आहे तशीच राहील.

स्टुटगार्टला आले तेव्हा माझ्या जुन्या इमारतीतल्या घरातही हेच. फ्रिट्झबॉक्स राउटर जोडला, फोनवर वायफायचं नावही दिसलं, नेट मात्र नाही. पुण्यात आयटीत असलेला माझा दादा व्हिडिओ कॉलवर (माझ्या मोबाइल डेटावर!) एकच धोशा लावून बसला, "रीसेट मार, नाहीतर कस्टमर केअरला झाप." रात्री कुणाला झापणार, आणि कुठल्या जर्मनमध्ये? मी फोन ठेवला, चहा टाकला आणि कंपनीचं पत्र नीट वाचलं. लाइन चालू व्हायची तारीख त्याच दिवसाची होती. आणि केबल कुठे लावायची, तर पहिल्या टीएई सॉकेटमध्ये.

टीएई म्हणजे टेलिफोनचं ते चौकोनी सॉकेट, बहुतेकदा तीन खाचांचं. राउटरची केबल मधल्या, 'एफ' लिहिलेल्या खाचेत जाते. मी ती तिथेच लावली होती. पण हॉलमधलं ते सॉकेट आधीच्या कुणीतरी पुढे ओढून घेतलेलं दुसरं निघालं. बाहेरून येणारी तार आधी जिथे पोचते ते पहिलं सॉकेट दाराजवळ, चपलांच्या कपाटामागे धुळीत होतं. कपाट सरकवलं, केबल तिथे लावली आणि राउटर तात्पुरता स्टुलावर ठेवला. काही मिनिटांत दिवा स्थिर झाला. मग ब्राउझरमध्ये `fritz.box` उघडून पत्रातली लॉगिन माहिती भरली आणि नेट आलं. रीसेट पहिल्या रात्री निरुपयोगी, कारण पुसायला आत काही नसतंच. ही माहिती भरल्यावर केला तर उलट तीच पुसली जाते. दादाला हे आजही पटत नाही. "रीस्टार्ट म्हणायचं होतं मला," म्हणतो. नव्हतं म्हणायचं.

तर दिवा लुकलुकत असेल तर तार, सॉकेट किंवा लाइन बघा. स्थिर असून नेट नसेल तर लॉगिन तपासा. पहिल्या सॉकेटवरही लुकलुकत राहिला तर कंपनीने लाइन अजून जोडलेली नसेल. मग आज हॉटस्पॉटवर भागवा आणि सकाळी फोन करा.

हां, हे सगळं डीएसएलचं. तुमचं कनेक्शन टीव्हीच्या केबलवरून किंवा फायबरवरून असेल तर टीएई शोधत बसू नका. आणि तंत्रज्ञ येणार असेल तर बेलच्या पाटीवर स्वतःचं नाव लावा. तिथे आधीच्या भाडेकरूचंच नाव असेल तर तो खालूनच परत जायचा.