ट्रायटोन सबस्टिट्यूशन कधी जुळते आणि कधी खटकते

«टू-फाइव्ह-वनमध्ये जी सेव्हनऐवजी डी फ्लॅट सेव्हन चालतो हे पाठ आहे, पण माझ्या हातून तो कधी छान लागतो, कधी साफ चुकीचा वाटतो. असे का?»

बहुतेक वेळा तुम्ही कॉर्डमध्ये वर जोडलेला स्वर आणि त्या क्षणी चालीत चाललेला स्वर यांची टक्कर होत असते. हे तारांवरच पाहू.

जी सेव्हन तीनच स्वरांत धरा: सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जी, चौथ्या तारेच्या तिसऱ्यावर एफ आणि तिसऱ्या तारेच्या चौथ्यावर बी. आता एफ आणि बी तसेच ठेवून खालचा जी सोडा आणि पाचव्या तारेचा चौथा फ्रेट दाबा. हाच डी फ्लॅट सेव्हन. एफ आणि बी यांच्यात सहा सेमीटोन, म्हणजे सप्तकाचे बरोबर अर्धे, आपल्या सा ते तीव्र मध्यमाइतके अंतर असल्यामुळे ते उलटवले तरी बदलत नाही, आणि म्हणून एका कॉर्डचा थर्ड दुसऱ्याचा सेव्हन्थ होतो. पुढे सी मेजर सेव्हनवर जाताना बी जागीच राहतो, एफ एक फ्रेट खाली ईवर येतो आणि पाचव्या तारेवरचा बेस डी, डी फ्लॅट, सी असा पायरीपायरीने उतरतो. माझ्या मते या बदलाचे खरे सौंदर्य या उतरणीत आहे.

या तीन स्वरांपर्यंत धोका कमी असतो. आपण सवयीने दुसऱ्या तारेचा चौथा फ्रेट दाबून नाइन्थ कॉर्ड करतो, तेव्हा ई फ्लॅट येऊन बसतो. चालीत त्या वेळी डी लांबवलेला असेल, जो जी सेव्हनचा साधा फिफ्थ आहे, तर दोघांत एका सेमीटोनचे घर्षण होते आणि कॉर्ड चुकल्यासारखा वाटतो. तेच बोट एक फ्रेट खाली, तिसऱ्यावर आणा: तिथे डीच मिळतो, कॉर्ड फ्लॅट नाइन्थचा होतो आणि ताण राहूनही चाल शाबूत राहते. चालीत ए असेल, तर कॉर्डमधला ए फ्लॅट वगळा. जी असेल तर काळजीच नको, कारण तो इथे शार्प इलेव्हन्थ म्हणून सुंदर लागतो.

सोबतीला बेसवादक असेल आणि तो जीवरच राहिला, तर तुमचा आकार ऐकणाऱ्याला फ्लॅट फिफ्थचा जी सेव्हन वाटतो. तो चुकीचा नसतो, पण बेसची उतरण मिळत नाही, म्हणून त्याला आधी सांगून ठेवा. सोलो वाजवणारा साध्या जी मिक्सोलिडियनमध्ये असेल, तर तुम्ही तीन स्वरांवरच थांबा. तुम्ही स्वतः सोलो घेत असाल, तर जी ऑल्टर्ड स्केल वापरा. त्यातले सातही स्वर डी फ्लॅट लिडियन डॉमिनंटचेच आहेत. सुरुवातीला पूर्ण मात्राखंड न बदलता पहिले दोन ठोके जी सेव्हन आणि शेवटचे दोन डी फ्लॅट सेव्हन वाजवा, म्हणजे खटकलेला स्वर नेमका कोणता ते कानाला लगेच पकडता येईल.