वॉटर पोलो : तळाचा आधार नसलेला खेळ

खेळाडूचा पाय तळाला टेकला तर काय होते?

तळाचा आधार घेऊन खेळाडू खेळात सहभागी झाला, तर तो साधा फाउल धरला जातो आणि प्रतिस्पर्धी संघाला फ्री थ्रो मिळतो. मोठ्या स्पर्धांत पाणी २ मीटर किंवा त्याहून खोल असल्यामुळे हा प्रसंग फारसा येत नाही, मात्र एका बाजूला उथळ असलेल्या तलावात पंचांना डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. पाण्यावर सतत हलणारे खांदे अचानक स्थिर झाले, की शंका घ्यायला जागा असते. गोलरक्षकाला स्वतःच्या गोलजवळच्या क्षेत्रात तळावर उभे राहण्याची, तसेच दोन्ही हातांनी चेंडू अडवण्याची मुभा आहे. इतरांना चेंडू एकाच हाताने हाताळावा लागतो.

माझा मुलगा दोन किलोमीटर सहज पोहतो, पण वॉटर पोलोत दहा मिनिटांत दमतो. पाणी तर शरीर उचलून धरते ना?

पाणी उचलून धरते ते फक्त बुडालेल्या भागाला. माणसाचे डोके आणि मान मिळून शरीराच्या वजनाच्या साधारण ८ टक्के भरतात आणि एक हात ५ टक्के. त्यामुळे ८० किलोच्या खेळाडूने डोके आणि दोन्ही हात पाण्याबाहेर काढले, की सुमारे १४ किलोंचा भार थेट त्याच्या पायांवर येतो. तोही टेकायला काही नसताना, केवळ पाणी खाली ढकलून पेलायचा असतो.

त्यासाठी एगबीटर ही लाथ वापरतात. मांड्या बसल्यासारख्या पुढे घेऊन, गुडघे फाकवून, दोन्ही पोटऱ्या आळीपाळीने गोलाकार फिरवायच्या असतात. ब्रेस्टस्ट्रोकप्रमाणे दोन्ही पाय एकदम मारले, तर दोन फटक्यांच्या मधल्या काळात शरीर खाली जाते. आपल्या मुलाला दोन्ही हात वर धरून एका जागी राहायला सांगा आणि त्याचे डोके वरखाली होते का, ते पाहा. होत असेल, तर त्याचा दम कमी नसून लाथेची लय तुटते आहे. सराव हळूहळू वाढवा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागले, तर तो लगेच थांबवा.

खेळाडू एकमेकांना ओढतात, तरी पंच दर वेळी शिट्टी का वाजवत नाहीत?

चेंडू हातात धरलेल्या खेळाडूवर झडप घालणे नियमात बसते. त्याने चेंडू सोडला, की त्याला धरणे, बुडवणे किंवा मागे ओढणे हा मोठा फाउल होतो आणि दोषी खेळाडूला थोड्या काळासाठी बाहेर जावे लागते. गोलसमोर सेंटर फॉरवर्ड आणि त्याचा बचावपटू यांच्यात जी झटापट चालते, तिथे हा फरक क्षणात बदलतो. बचावपटूला एका हाताने चेंडूचा मार्ग रोखायचा असतो, छातीने समोरच्याचा रेटा सोसायचा असतो आणि हे सारे करताना पाय थांबवायचे नसतात. पाय थकले, की तो नकळत समोरच्याच्या खांद्यावर भार टाकतो आणि शिट्टी वाजते. असे तिसऱ्यांदा घडले, तर उरलेल्या सामन्यात त्याला खेळता येत नाही.