नातेवाईकांच्या यादीबाहेरचा ग्राहक

प्रश्न : मी ३१ वर्षांचा आहे. वर्षभरापूर्वी आयुर्विम्याची एजन्सी घेतली. विकास अधिकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ओळखीच्या शंभर जणांची यादी करायला सांगितली. मामा, मावशी, वर्गमित्र, शेजारी सगळे झाले. काहींनी पॉलिसी घेतली, बहुतेकांनी टाळलं. आता चुलतभावाच्या लग्नात मी जवळ गेलो की माणसं पाणी आणायला उठतात. बायको म्हणते, हे काम सोडा. काम मला आवडतं, पण ओळख नसलेल्या माणसाकडे जाऊन बोलायचं तरी काय?

उत्तर : समुपदेशनाकडे वळण्याआधी मी एका विमा कंपनीच्या शाखेत काम केलं आहे. त्यामुळे ही यादी माझ्या चांगल्या परिचयाची आहे. तिच्यातून आलेल्या पॉलिसींचं पुढे काय होतं, तेही मी टेबलाच्या पलीकडून पाहिलं आहे. मामानं भिडेखातर घेतलेली पॉलिसी शक्य तितक्या छोट्या हप्त्याची असते. पहिला हप्ता भाच्यासाठी भरला जातो आणि दुसऱ्याच्या वेळी मामाला ती कशासाठी घेतली हेही आठवत नाही. पॉलिसी लॅप्स होते. मामाचे पैसे अडकतात, तुमचं पुढच्या वर्षांचं कमिशन बुडतं आणि वर दोघांच्या बोलण्यात अवघडलेपण येतं ते निराळंच. तेव्हा ज्यांनी टाळलं त्यांचा राग धरू नका. ज्यांनी भिडेनं घेतली त्यांचा दुसरा हप्ता येतो की नाही, याची काळजी आधी करा.

अनोळखी माणसाशी काय बोलायचं, याचं उत्तर मला माझ्याकडे आलेल्या एका तरुणाच्या कामात सापडतं. त्याला आपण संदीप म्हणू. औषधांच्या दुकानातली नोकरी सुटल्यावर त्यानं एजन्सी घेतली आणि तुमच्यासारखाच यादी संपवून माझ्याकडे आला. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, की सगळं गाव फिरायचं नाही. एकच जागा निवडायची आणि तिथे एकाच प्रकारच्या माणसांना भेटायचं. त्यानं सांगलीचं मार्केट यार्ड निवडलं. हळद-बेदाण्याच्या अडत दुकानांत हिशेब लिहिणारे दिवाणजी असतात. दुकानात लाखोंची उलाढाल त्यांच्या हातून होते, पण त्यांचा स्वतःचा पगार बेताचा, अनेकांना रोख मिळणारा, आणि फंड वगैरे बहुतेकांना नाहीच. त्यांच्याकडे विमा एजंट फारसे जात नाहीत. जातात ते मालकाकडे.

संदीप सकाळी जायचा नाही. सौदे चालू असताना दिवाणजीला मान वर करायलाही फुरसत नसते. दुपारी सौदे उरकून चहा आला की तो जायचा आणि त्याचं बोलणं एवढंच असायचं : ‘घरात जुनी पॉलिसी पडली असेल तर बॉण्ड घेऊन या. चालू आहे का, वारस बरोबर आहे का, ते बघून देतो. नवीन काही विकायला आलो नाही.’ आणि त्या भेटीत तो खरोखरच काही विकत नसे. ही अट आम्ही पक्की केली होती. एकदा जरी ती मोडली असती, तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या यार्डात बभ्रा झाला असता.

बॉण्ड आला की तो एका कोऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात पाच-सहा गोष्टी लिहून द्यायचा : कंपनी आणि पॉलिसी नंबर, विमा रक्कम, हप्ता, पुढची हप्त्याची तारीख, मुदत संपण्याचं साल आणि वारसाचं नाव. कागद घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि वहिनींना दाखवा, असं सांगायचा. मूळ बॉण्ड तो कधीही स्वतःकडे ठेवून घेत नसे आणि मोबाइलवर आलेला ओटीपी विचारत नसे. तुम्हीही हे दोन नियम पाळा. हल्ली फसवणुकीच्या इतक्या गोष्टी कानावर येतात, की अनोळखी माणसाबद्दल लोक सर्वांत आधी हेच पाहतात.

त्या कागदांतून फार काही बाहेर आलं. एका दिवाणजींची पॉलिसी लग्नाआधीची होती आणि वारस म्हणून, म्हणजे नॉमिनी म्हणून, वडिलांचं नाव होतं. वडील वारून बरीच वर्षं झाली होती. अशा वेळी विमेदाराला काही झालं तर रक्कम कायदेशीर वारसांना मिळते, पण ती मिळवायला बायकोला कोर्टातून वारसा प्रमाणपत्र आणावं लागू शकतं. नाव बदलायला मात्र एक अर्ज आणि शाखेत एक चक्कर पुरते. संदीपनं अर्ज भरून दिला, स्वतः बरोबर गेला आणि बॉण्डवर बदलाची नोंद झालेली दाखवली. या कामाचा त्याला एक रुपयाही मिळाला नाही. पॉलिसी दुसऱ्या एजंटची होती.

दुसऱ्या एकाची पॉलिसी बंद पडली होती. इथे मोह मोठा असतो. ‘ती गेलीच आता, नवीन काढू’ म्हटलं की पहिल्या वर्षाचं मोठं कमिशन आपलं. पण बहुतेक पारंपरिक पॉलिसी हप्ता पहिल्यांदा थकल्यापासून ५ वर्षांपर्यंत पुन्हा चालू करता येतात. थकीत हप्ते, त्यावरचं व्याज आणि तब्येतीचं निवेदन द्यावं लागतं. वय वाढलेलं असताना नवीन पॉलिसी काढण्यापेक्षा अनेकदा जुनीच चालू करणं ग्राहकाला परवडतं. संदीपनं दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि जुनीच चालू करा असं सांगितलं. अशा सल्ल्यानं हातची विक्री जाते. त्याचा मोबदला पुढे मिळतो, कारण ही गोष्ट तो दिवाणजी स्वतः इतरांना सांगतो. ती तुम्ही सांगितलीत तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

मग विक्री झाली कुठे? त्याच कागदावर. पगार १८,००० रुपये आणि विमा रक्कम १ लाख, हे दोन आकडे एकाखाली एक आले की माणूस स्वतःच विचारतो, एवढ्यात घर किती दिवस चालेल? हिशेब सोपा आहे, साधारण सहा महिने. वर्षाचं उत्पन्न २ लाख १६ हजार. त्याच्या दहापट, म्हणजे वीस-बावीस लाखांचं संरक्षण हवं असेल तर झेपण्याजोग्या हप्त्यात ते मुदत विम्यातूनच मिळतं. म्हणजे टर्म प्लॅन, ज्यात मुदत संपेपर्यंत माणूस सुखरूप असेल तर सहसा काही परत मिळत नाही. हे शेवटचं वाक्य संदीप सर्वांत आधी सांगायचा.

इथे एक खरी अडचण आली. पगार रोख, म्हणून उत्पन्नाचा पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय कंपन्या सहसा मोठ्या रकमेचा मुदत विमा देत नाहीत. इथेच कच्चा एजंट वैतागून निघून जातो. संदीपनं मालकांशी बोलून पगार बँकेत जमा करायला लावला आणि कर बसत नसला तरी आयकर विवरणपत्र भरायला सांगितलं. मधल्या काळासाठी त्यानं दिवाणजींना त्यांच्याच बँकेत पाठवलं. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं संरक्षण मिळतं, १८ ते ५० वयात नाव नोंदवता येतं. सुरक्षा विमा योजनेत २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आहे. दोन्ही २०१५ पासून चालू आहेत, पैसे खात्यातून आपोआप कापले जातात. दिवाणजींना थेट बँकेत पाठवल्यामुळे संदीपला त्यातून काही मिळालं नाही. पुरावे जमले तेव्हा दिवाणजींनी संदीपलाच बोलावलं, दुसऱ्या कोणाकडे चौकशीही केली नाही.

आता दोन ठिकाणी फार सावध राहा. यार्डात तंबाखू खाणारे पुष्कळ. प्रस्ताव भरताना ‘नाही म्हणून लिहा, हप्ता कमी बसेल’ असं ग्राहकच सुचवतो. संदीपनं नकार दिला आणि एक गिऱ्हाईक त्यावरून तुटलंही. तरी त्यानं बरोबर केलं. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसी सुरू झाल्यापासून ३ वर्षांपर्यंत कंपनी अशा खोट्या माहितीवर बोट ठेवून दावा नाकारू शकते. तेव्हा त्या माणसाच्या बायकोसमोर तुम्हालाच उभं राहायचं असतं. दुसरी गोष्ट पहिल्या हप्त्याची. ‘तुमच्या कमिशनातून निम्मा तुम्ही भरा’ ही मागणी तुम्हालाही येईल. कलम ४१ प्रमाणे अशी सूट देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा आहे, १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय सूट मिळावी म्हणून आलेला ग्राहक पुढच्या वर्षी जास्त सूट देणाऱ्याकडे जातो.

ग्राहकांकडून नवी नावं कशी मागायची, हेही तुम्हाला अवघड जात असेल. ‘पाच ओळखीचे सांगा’ म्हणाल तर तुमचीच यादी त्यांच्या गळ्यात पडेल आणि तेही तुम्हाला टाळू लागतील. संदीप काम झाल्यावर विचारायचा, ‘वारसाची अशी अडचण इथे आणखी कोणाची आहे का?’ लोक अडचणीत असलेल्या माणसाचं नाव आनंदानं सांगतात. हळूहळू दिवाणजींकडून हमालांकडे, तोलाईदारांकडे आणि शेवटी दोन मालकांकडेही तो पोचला.

नातेवाईकांशी एकदाच स्पष्ट बोला. ‘मी हे काम करतो, लागलं तर हाक मारा, मी स्वतःहून विषय काढणार नाही.’ आणि मग खरोखर काढू नका, अगदी कोणी मुलाच्या शिक्षणाची चिंता बोलून दाखवली तरी. ज्यांनी आधी घेतली आहे त्यांना हप्त्याची तारीख तेवढी कळवा. झेपत नसेल तर काय करता येईल ते त्यांच्या फायद्याच्या बाजूनं सांगा, त्यात तुमचं नुकसान असलं तरी.

तुमचं काम नीट चाललंय की नाही, हे महिन्यात किती पॉलिसी झाल्या यावरून कळत नाही. तुमच्या ग्राहकांपैकी किती जणांचा दुसऱ्या वर्षीचा हप्ता मागे न लागता आला, हे वहीत लिहा. तो आकडा घसरत असेल तर पुन्हा भिडेनं विकायला लागला आहात असं समजा.

या पद्धतीची मर्यादाही सांगतो. सुरुवातीचे कित्येक महिने हातात फार थोडं येतं. संदीपची बायको शिलाईकाम करत होती आणि तो स्वतः सकाळी एका दुकानात अर्धवेळ जात होता, म्हणून तो टिकला. शाखेचं लक्ष्य मार्चअखेरीस डोक्यावर बसतं. त्या वेळी पुन्हा मामाचा नंबर फिरवावासा वाटेल. त्यामुळे आज संध्याकाळी बायकोबरोबर बसा आणि घरखर्च, साठलेले पैसे आणि अर्धवेळ मिळू शकणारं काम मांडून बघा. वर्षभर निभेल असं दिसलं, तर तुमच्या गावातली दुपारी दोन तास निवांत असणारी एक जागा शोधा. एसटी डेपो असेल, गॅरेजची लाइन असेल, शाळेच्या व्हॅनचा थांबा असेल. निभत नसेल, तर आधी अर्धवेळ नोकरी बघा आणि मला पुन्हा लिहा.