सेंट्रल लाइनची चेकलिस्ट: खूण कोणी आणि केव्हा करायची

प्रश्न: मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे सेंट्रल लाइन टाकण्याची चेकलिस्ट आहे, प्रत्येक फाइलमध्ये ती पूर्ण भरलेली असते, तरीही लाइनचे इन्फेक्शन होतच राहते. चेकलिस्टमध्ये काय कमी आहे? आणि लाइन काढायला कोणी सांगायचे?

उत्तर: मी नागपुरातील एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभाग पाहणारा भूलतज्ज्ञ आहे. तुमच्या कागदात बहुधा काहीच कमी नसेल. माझा पहिला प्रश्न असा राहील की तो कागद भरतो कोण आणि केव्हा. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी तो रेसिडेंट डॉक्टर स्वतःच, लाइन टाकून झाल्यावर, एक्स-रेची वाट पाहत असताना भरीत असे. अशा कागदावर सगळ्याच चौकटींत खूण असते, कारण स्वतः नुकत्याच केलेल्या कामात चूक झाली असे कोणी लिहून ठेवत नाही.

ज्या यादीवरून आपल्या सगळ्यांच्या याद्या आल्या, ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील पीटर प्रोनोव्होस्ट यांची होती आणि तिच्यात पाचच गोष्टी होत्या: हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आवरणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा साफ करणे, शक्यतो मांडीची शीर टाळणे आणि गरज संपलेली लाइन काढणे. मिशिगन राज्यातील शंभरावर अतिदक्षता विभागांत ती वापरल्यावर लाइनच्या संसर्गाचा मध्यक दर हजार लाइन-दिवसांमागे २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला, हे २००६ साली प्रसिद्ध झाले. यादीबरोबर तेथे आणखी एक गोष्ट होती आणि ती आपल्याकडे येताना वाटेत गळून पडली. नियम मोडताना दिसला, आणि रुग्णाची अवस्था तातडीची नसली, तर काम थांबवण्याचा अधिकार नर्सला होता.

म्हणून आमच्याकडे आता यादी हातात धरणारी सिस्टर वेगळी असते. ती ग्लोव्ह्ज घालत नाही, सामान उघडून देते, उभी राहून पाहते आणि पायरी होत असतानाच खूण करते. थांबवायचे झाल्यास काय म्हणायचे तेही ठरलेले आहे: "सर, थांबा, ड्रेप बदलू या." वाक्य आधीच ठरलेले असल्यामुळे ते सिस्टरचे धाडस ठरत नाही, विभागाची पद्धत ठरते. हे विभागप्रमुखांनी सर्वांसमोर, लिहून, जाहीर करावे लागते. नाहीतर नवी सिस्टर वरिष्ठ सर्जनला थांबवणार नाही, आणि तिला दोषही देता येणार नाही.

लाइन टाकताना नजर कुठे ठेवायची, तर जिथे खरोखर सूट घेतली जाते तिथे. हात धुतले जातात, टोपी आणि मास्कही असतात. सूट घेतली जाते ती ड्रेपमध्ये. गाइडवायर साधारण ६० सेंटिमीटर लांब आणि वळवळणारी असते. मानेवर फक्त छोटा होल टॉवेल टाकला असेल तर तिचे मागचे टोक उशीला किंवा गाऊनला लागल्याशिवाय राहत नाही. म्हणून ड्रेप डोक्यापासून पायापर्यंत हवा. दुसरी सूट वाळण्याच्या वेळेत घेतली जाते. ७० टक्के अल्कोहोलमधील २ टक्के क्लोरहेक्सिडीन ३० सेकंद घासून लावायचे आणि त्वचा आपोआप कोरडी होईपर्यंत थांबायचे. ते पुसायचे नाही, फुंकायचेही नाही. मांडीच्या सांध्यात घासायला आणि वाळायला दोन्हींना जास्त वेळ लागतो. तिसरी सूट सोनोग्राफीच्या प्रोबवर दिसते. निर्जंतुक आवरण असते, पण जेल मात्र रोजच्याच बाटलीतले.

संसर्गापलीकडच्या दोन चौकटी मी कधीच गाळू देत नाही. डायलेटर घालण्यापूर्वी वायर धमनीत नसून शिरेत आहे याची खात्री झाली पाहिजे, कारण फक्त रक्ताच्या रंगावर विसंबणे शॉकच्या रुग्णात फसवे असते. सोनोग्राफीत वायर शिरेत दिसावी किंवा दाब तपासावा. आणि शेवटी डॉक्टरने मोठ्याने "वायर बाहेर" म्हणून ती सिस्टरला दाखवावी, मगच ट्रे आवरावा.

हे सगळे नीट झाले तरी संसर्ग कसा होतो, ते एका रुग्णावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पावसाळ्याच्या शेवटी रामटेककडचे साधारण पंचावन्न वर्षांचे एक शेतकरी स्क्रब टायफसने शॉकमध्ये आले. सोमवारी रात्री उजव्या मानेतून तीन लुमेनची लाइन टाकली. यादी सिस्टरने समोर उभे राहून भरली होती आणि त्या कामात मला आजही दोष दिसत नाही. गुरुवारी सकाळी नॉरॲड्रेनालिन बंद झाले. डॉक्सिसायक्लिन तोंडावाटे सुरू झाले, रुग्ण वरण-भात खाऊ लागला. लाइन तशीच राहिली. फाइलमध्ये गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारी "लाइन आवश्यक आहे का" यापुढे "हो" लिहिलेले होते. कारण विचारल्यावर उत्तर मिळाले की हातावर सूज असल्यामुळे शीर सापडत नाही आणि रोज रक्त काढायला बरे पडते.

शनिवारी त्यांना वॉर्डात हलवले. ऑक्टोबरच्या उकाड्यात कूलरच्या दमट हवेत घामाने ड्रेसिंगची कड सुटली आणि तिच्यावर कोणीतरी साधी चिकटपट्टी लावली. थ्री-वेचे एक टोपण हरवले होते. सोमवारी, म्हणजे आठव्या दिवशी, लाइन फ्लश केल्यावर अर्ध्या तासात त्यांना हुडहुडी भरून १०३ ताप आला आणि रक्तदाब पुन्हा उतरला. फ्लशनंतर लगेच भरणारी थंडी हा लाइनकडे बोट दाखवणारा खुणेचा प्रसंग आहे. अशा वेळी प्रतिजैविक देण्यापूर्वी लाइनमधून आणि हाताच्या शिरेतून, एकाच वेळी, सारख्याच प्रमाणात रक्त कल्चरला पाठवायचे. त्यांच्या दोन्ही बाटल्यांत क्लेबसिएला वाढला, पण लाइनची बाटली तीन तास आधी पॉझिटिव्ह झाली. हा फरक दोन तास किंवा त्याहून अधिक असला की उगम लाइनमध्ये आहे असे मानतात. रक्तदाब उतरल्यामुळे आम्ही निकालाची वाट न पाहता त्याच संध्याकाळी लाइन काढली होती. ते बरे झाले, पण शिरेतून दहा दिवस प्रतिजैविक घ्यावे लागले, आणि त्यातले सगळेच दिवस टाळता आले असते.

वॉर्डात गेल्यावर मला जे दिसले ते पाहून माझा संशय ड्रेसिंगपेक्षा हबवर अधिक गेला. तेथे १०० मिलिलिटर सलाइनची एक बाटली टांगलेली होती, तिच्या रबरात सुई रोवून ठेवलेली, आणि पाळीभर सगळ्या रुग्णांचे फ्लश तिच्यातूनच भरले जात होते. ही सवय तुमच्याकडे असेल तर बाकी काही सुधारण्याआधी ती बंद करा. फ्लशसाठी १० मिलिलिटरची सुटी कुपी, एका रुग्णाला, एकदाच.

देखभालीतील बाकीचे नियम थोडकेच आहेत. हब उघडताना प्रत्येक वेळी अल्कोहोल किंवा क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोलच्या पुसणीने १५ सेकंद चोळायचा आणि वाळू द्यायचा. थ्री-वेचे टोपण काढले की टाकून द्यायचे आणि नवे लावायचे. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी, गॉजचे दोन दिवसांनी, पण ओले झाले, सुटले किंवा रक्ताळले तर त्याच वेळी बदलायचे. नागपूरच्या मे महिन्यात हा "त्याच वेळी"चा नियमच जास्त वापरावा लागतो. घाम येणाऱ्या रुग्णाला गॉज लावून रोज पाहणे हे पारदर्शक ड्रेसिंगची कड चिकटपट्टीने दाबून ठेवण्यापेक्षा केव्हाही बरे. साधे सलाइन सेट ९६ तासांच्या आत बदलायची गरज नसते, कारण वारंवार जोड उघडणे हाच धोका आहे. मात्र रक्ताचा आणि लिपिडचा सेट २४ तासांत, तर प्रोपोफॉलचा सेट जास्तीत जास्त १२ तासांत बदलावा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. "लाइन हवी आहे का" असे विचारले की राउंडवर उत्तर नेहमी "राहू द्या" असेच येते, कारण काढून टाकलेली लाइन रात्री लागली तर कोण टाकणार, ही भीती प्रत्येकाला असते. त्या शेतकऱ्यानंतर आम्ही प्रश्नच बदलला. सिस्टर राउंडवर म्हणते: "आज सहावा दिवस. तपकिरी लुमेनमध्ये काय, निळ्यात काय, पांढऱ्यात काय?" व्हॅसोप्रेसर, शिरेतून पूर्ण पोषण, शिरेला जाळणारी औषधे किंवा तीव्र पोटॅशियम यांपैकी काही चालू असेल तर लाइन राहते. तिन्ही लुमेन बंद असतील, किंवा फक्त साधे सलाइन आणि प्रतिजैविक जात असेल, तर त्याच दिवशी सोनोग्राफीने हातात शीर शोधायची आणि दुपारी बारापर्यंत लाइन काढायची. शीर न सापडणे हे लाइन ठेवण्याचे कारण आम्ही तोपर्यंत मानत नाही, जोपर्यंत कोणी सोनोग्राफीने शोधून पाहिलेले नाही. रक्त काढण्याची सोय हे तर कारणच नाही. रुग्ण आयसीयूतून वॉर्डात जाताना लाइन सोबत जाणार असेल तर वरिष्ठ डॉक्टरने कारण आणि काढण्याची तारीख लिहून सही करायची.

घाईत, आवरणांशिवाय टाकलेली लाइन वेगळी. तिच्या ड्रेसिंगवर लाल चिठ्ठी लावतो आणि ४८ तासांत ती बदलतो किंवा काढतो. उलट, नीट टाकलेली आणि चालू असलेली लाइन केवळ सात दिवस झाले म्हणून बदलू नये. त्याने संसर्ग कमी होत नाही, नवी सुई मात्र टोचली जाते.

काढण्याचे काम सिस्टरकडे असेल तर दोन गोष्टी पाहा. आधी प्लेटलेट्स पाहा, स्क्रब टायफस आणि डेंगीत त्या खूप उतरलेल्या असतात. मग रुग्णाला सपाट, जमल्यास डोके खाली करून झोपवा, श्वास सोडून रोखायला सांगा आणि तेवढ्यात लाइन ओढा. बसलेल्या रुग्णाची मानेतील लाइन ओढली तर हवा आत खेचली जाऊ शकते. किमान पाच मिनिटे दाबून धरा, हवाबंद ड्रेसिंग लावा, अर्धा तास झोपवून ठेवा आणि लाइनचे टोक अखंड आले का ते पाहून नोंद करा.

तुमच्या विभागात नेमके कुठे बिघडते हे शोधायचे असेल तर महिनाभर संसर्ग झालेल्या प्रत्येक रुग्णाची फक्त एक गोष्ट लिहा: लाइन कितव्या दिवशी होती आणि त्या दिवशी कोणता लुमेन खरोखर चालू होता.