हप्ता 'अयशस्वी' होत नाही, तो वटत नाही

प्रश्न : "फोंड्याला एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. हप्ता कापला गेला नाही की गिऱ्हाईकाला आमच्याकडून असा मेसेज जातो : 'आपली स्वयं-नावे सूचना अयशस्वी झाली आहे. पुढील चक्रापूर्वी पुरेसा निधी राखून आवश्यक कार्यवाही करावी.' लोक काउंटरवर येऊन विचारतात, म्हणजे नक्की करायचं काय? 'अयशस्वी'ला दुसरा शब्द आहे का, आणि हा मजकूर साधा कसा करायचा?"

वटला नाही. हप्ता वटला नाही. चांगला, चालता, सगळ्यांना कळणारा मराठी शब्द घरात असताना हे 'अयशस्वी' कुठून आणतात मला कळत नाही, आणि आता ते जिथे तिथे दिसतं, रिचार्ज अयशस्वी, बुकिंग अयशस्वी, हप्ता अयशस्वी. यश माणसाला मिळतं, प्रयत्नाला मिळतं. हप्त्याला कसलं यश? त्यात तुमच्या वाक्यात 'आपली सूचना अयशस्वी झाली' असं आहे. सूचना म्हणजे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावतात ती, नाहीतर मंडळाच्या सभेत कोणीतरी उठून मांडतो ती. गिऱ्हाईकाने तुम्हाला अशी कुठलीच सूचना केलेली नाही. कर्ज घेताना मॅन्डेटच्या, म्हणजे खात्यातून हप्ता कापायच्या परवानगीच्या, फॉर्मवर सही केली होती एवढंच त्याला आठवतं, आणि 'मॅन्डेट' हा शब्द त्याने त्याच दिवशी तुमच्याच तोंडून ऐकलेला असतो, तेव्हा तोच वापरा.

कायद्याच्या मराठीवाले इथे 'अनादर' सुचवतील, धनादेशाचा अनादर वगैरे. मला ते अजिबात मान्य नाही. पहिल्यांदाच हप्ता चुकलेल्या बाईला 'अनादर झाला' असा मेसेज गेला तर ती विचारेल कोणी कोणाचा केला. कोर्टाच्या कागदात तो शब्द राहू दे, मोबाइलवर नको.

आणि 'वटणे' फक्त चेकचंच असतं, ऑटो-डेबिटला चालत नाही, असं जे ठासून सांगतात त्यांनी शब्दाचं वय बघावं. हा शब्द चेकच्या आधीचा आहे. एक नाणं देऊन त्याच्या बदल्यात दुसरं घेणं म्हणजे वटवणं, आणि त्यात जी घट सोसावी लागायची ती वटणावळ, तोच वटाव. गोव्यात 1961 पर्यंत चलन पोर्तुगीजांचं, आधी रुपिया आणि शेवटची थोडी वर्षं एस्कुदो, आणि सीमेपलीकडे सावंतवाडी-बेळगावला भारतीय रुपया. पलीकडे बाजार करायचा तर पैसा वटवावाच लागणार. म्हणजे या शब्दाला कागदाची गरज कधीच नव्हती. एका हातातलं मोल दुसऱ्या हातात पूर्ण जाऊन पोचलं की ते वटलं.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते मूळ. माझ्या मते 'वटणे' निघतो संस्कृत 'वृत्' या धातूपासून, म्हणजे फिरणे, वळणे. संस्कृत वर्तते, प्राकृतात वट्टइ, यात शंका घ्यायला जागा नाही, र्‍त चा ट्ट होतो हे ठरलेलं वळण आहे. वर्तुळ वरून वाटोळा झाला, कैवर्तचा तिकडे केवट झाला, आपली वाटसुद्धा वर्त्मन् मधली. मग पैसा फिरून दुसऱ्या रूपात आला तर तो वटला, हे सरळ बसतं. काही जण याला हिंदी 'बट्टा'कडून उसना आणतात, पण माझ्या मते वटाव आणि बट्टा ही एकाच घरातली भावंडं, आणि भावाला कोणी बाप म्हणत नाही. आता बघा, 'आवर्ती ठेव' मधलं आवर्ती याच 'वृत्'चं. दर महिन्याला फिरून येणारा आवर्ती हप्ता आणि तो वटणं, दोन्ही एकाच धातूतून. असं असताना तिथे 'सायकल'चं भाषांतर म्हणून 'चक्र' आणून बसवलंय. 'पुढील चक्रापूर्वी' वाचून सुदर्शन आठवतं, तारीख नाही आठवत. हिशेबाच्या खोलीत बिलिंग सायकल असेल, गिऱ्हाईकाकडे फक्त 'पुढचा हप्ता, 5 तारीख' असतं.

शब्दांचं एवढं पुरे, कारण तुमच्या मेसेजचा खरा दोष शब्दात नाहीच. 'आवश्यक कार्यवाही' म्हणजे काय ते लिहिणाऱ्यानेच ठरवलेलं नाही म्हणून तो तसा झालाय. एक उदाहरण घेऊन बघू.

समजा शिरोड्याचा एक मुलगा, वेर्ण्याला फॅक्टरीत कामाला, स्कूटरचा हप्ता 4,850, तारीख 5. पगार येतो 7 ला. दर महिन्याला मागची शिल्लक पुरायची. या महिन्यात चवथ आली, खर्च झाला, 5 तारखेला खात्यात 4,790 उरले. साठ रुपये कमी. बँक असलेले 4,790 देऊन बाकीचं नंतर घेत नाही, हप्ता पूर्ण जातो नाहीतर अजिबात जात नाही. तर तो परत आला, कारण 'शिल्लक अपुरी'. आता तुमचा मेसेज म्हणतो पुढील चक्रापूर्वी पुरेसा निधी राखा. तो 7 तारखेला पगार बघतो, म्हणतो झालं, पैसे आहेत खात्यात, कापून घेतील. आणि गप्प बसतो.

इथे तीन ठिकाणी फसतो तो. पहिलं म्हणजे चुकलेला हप्ता आपोआप कापला जाईलच असं काही नाही. तुमची संस्था तोच हप्ता पुन्हा एकदा बँकेकडे पाठवते का, आणि कुठल्या तारखेला, हे तुम्हालाच माहीत. पाठवत असाल आणि मेसेजमध्ये लिहिलं नाही तर मुलगा घाबरून यूपीआयने भरणार आणि चार दिवसांनी खात्यातूनही जाणार, म्हणजे एकाच हप्त्याचे पैसे दोनदा. पाठवत नसाल आणि तेही लिहिलं नाही तर तो वाट बघत राहणार आणि थकबाकीचे दिवस वाढत जाणार. तेव्हा 'आम्ही हा हप्ता पुन्हा कापणार नाही' किंवा 'अमुक तारखेला पुन्हा कापणार आहोत, वेगळा भरू नका', दोनातलं एक वाक्य पाहिजेच. माझ्या लेखी सगळ्या नोटिशीत हेच वाक्य मुख्य.

बरं, पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते एकदम कापून घेऊ म्हणाल तर मॅन्डेटवर कमाल रक्कम लिहिलेली असते. ती 5,000 असेल तर 9,700 त्यातून जाणारच नाहीत, मग चुकलेला वेगळाच भरायला लागणार.

दुसरं, बँकेचा चार्ज. हप्ता परत गेला की त्याची स्वतःची बँक वेगळे पैसे लावते, तुमचा चार्ज असेल तर तो निराळा. खात्यात तेव्हा पैसे कमी असले तर बँक तो चार्ज नंतर पैसे आल्यावर वसूल करते. समजा 300 रुपये. तर या मुलाने पुढच्या महिन्यासाठी मोजून 4,850 बाजूला ठेवले आणि मधेच 300 गेले तर उरले 4,550, आणि हप्ता परत वटला नाही. लागोपाठ दोनदा चुकलेली माणसं कित्येकदा अशीच चुकलेली असतात, निष्काळजीपणाने नाही. म्हणून 'पुरेसा निधी' न लिहिता आकडा लिहा, हप्ता अधिक चार्जपुरतं थोडं जास्त.

तिसरं म्हणजे दिवस. 5 तारखेला दुपारी पैसे भरले तर उशीर झालेला असू शकतो, हे डेबिट बहुतेक वेळा सकाळी लवकरच होऊन जातं, तेव्हा 'आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत' असं लिहा. आणि सुट्टीवर विसंबू देऊ नका. 1 ऑगस्ट 2021 पासून नॅच, म्हणजे बँकांमधून हे हप्ते ज्या यंत्रणेतून कापले जातात ती, आठवड्याचे सगळे दिवस चालते, रविवारीसुद्धा आणि बँक बंद असली तरीसुद्धा. चवथीला बँकेला कुलूप आहे म्हणजे हप्ता पुढे गेला अशी समजूत अजून पुष्कळांची आहे.

तर मेसेज असा करा :

"तुमच्या स्कूटर कर्जाचा सप्टेंबरचा हप्ता रु. 4,850 बँकेतून 5 तारखेला वटला नाही. कारण : खात्यात शिल्लक कमी होती. हा हप्ता आम्ही पुन्हा कापणार नाही. 12 सप्टेंबरपर्यंत यूपीआयने किंवा शाखेत येऊन भरा. पुढचा हप्ता 5 ऑक्टोबरला कापला जाईल. तुमची बँक या वेळचा चार्ज मधेच कापू शकते, म्हणून 4 ऑक्टोबरच्या संध्याकाळी खात्यात किमान रु. 5,300 असू द्या. मॅन्डेट चालू आहे, नवा फॉर्म नको."

शेवटचं वाक्य काढू नका. हप्ता चुकला की मॅन्डेट रद्द झाला असं वाटून लोक पुन्हा फॉर्म भरायला येतात. उलट बाजूही आहे, आणि ती जास्त वाईट. कारण 'शिल्लक कमी' नसून 'खातं बंद' किंवा 'मॅन्डेट रद्द केलेला' असेल तर वरचा मेसेज पाठवणं चूक. त्या माणसाने खात्यात लाख रुपये ठेवले तरी हप्ता जाणार नाही. बँकेकडून हप्ता परत येतो तेव्हा कारणही सोबत येतं, ते बघून मेसेज वेगळा काढा : "तुमचं जुनं खातं बंद आहे, त्यामुळे पुढचा हप्ताही वटणार नाही. नवीन खात्याचा मॅन्डेट 20 तारखेच्या आत द्या." 20 तारीख अशासाठी की मॅन्डेट बँकेने मान्य करून नोंदला जाईपर्यंत दिवस जातात, कागदी फॉर्मला तर जास्तच, सही जुळली नाही म्हणून तो परतही येतो. नेटबँकिंग किंवा डेबिट कार्डाने ऑनलाइन दिला तर सहीचा प्रश्न येत नाही.

आमच्या उदाहरणातल्या मुलाचं खरं दुखणं मात्र तारखेचं आहे. हप्ता 5 ला आणि पगार 7 ला. हप्त्याची तारीख 10 करून देण्याची तुमच्याकडे सोय असेल तर तेही एका ओळीत लिहा, अर्ज कुठे करायचा त्यासकट. जाता जाता, पगार हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, त्यांच्याकडे पगार म्हणजे 'देणे', चुकतं करणे. आपण तो घेणाऱ्याच्या बाजूने वापरतो. आणि हप्ता फारसी, हफ्त म्हणजे सात, आठवडा. महिन्याच्या भरण्याला आपण आठवड्याचं नाव देतो आणि कोणाचं काही अडत नाही, तेव्हा 'मासिक हप्ता' चुकीचा आहे म्हणून तुमच्याकडे कोणी 'मासिकी' सुचवत असेल तर त्याचं ऐकू नका.

मेसेजमध्ये लिंक घालू नका. पैशांचा मेसेज आणि खाली लिंक म्हटलं की शहाणा माणूस तो उडवून टाकतो, आणि बरोबरच करतो. शाखेचा लँडलाइन नंबर द्या, पासबुकावर छापलेला असतो तोच.