नकार पोहोचवण्याचं कसब

प्रश्न: पूर्वी लग्न जुळवणारे मध्यस्थ नेमकं कसं काम करायचे आणि आजच्या सेवांनी त्यांच्याकडून काय घेतलं?

माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे नकार देण्याची सोय. जपानमधला 'नाकोदो' बघा. तो आधी दोन्ही घरांना फोटो आणि 'त्सुरिगाकी' म्हणजे शिक्षण, काम, कुटुंब यांची माहिती लिहिलेला कागद द्यायचा. पटलं तरच 'मिआई', म्हणजे रीतसर भेट. भेटीनंतर होकार-नकार समोरासमोर सांगायचा नाही; तो नाकोदोकडे जायचा. नकार असला तर तो सौम्य शब्दांत पोहोचवायचा, त्यामुळे कुणाचा अपमान होत नसे. पण खरं कारण बरेचदा त्याच्यापाशीच राहायचं. पुढचं स्थळ निवडताना तेच उपयोगी पडायचं!

तिथल्या आजच्या विवाह सल्ला केंद्रांत हीच पद्धत चालते. भेटीनंतर दोघंही आपापल्या सल्लागाराला उत्तर कळवतात आणि दोन्हीकडून होकार आला तरच फोन नंबर मिळतात. अविवाहित असल्याचा दाखलाही आधीच घेतात, कारण पूर्वी ओळखीतून होणारी खातरजमा आता कागदांवरच करावी लागते. अनेक डेटिंग अ‍ॅप्सनी दोघांची पसंती जुळल्यावरच संवाद सुरू करण्याचा नियम ठेवला, पण नकाराचं कारण ऐकून घेणारं माणूस तिथे उरलं नाही.